नाव बजाजचं, पण पैसा गेला कुठे? प्रॉस्पेक्टसमधली तीन प्रकरणं वाचली की कळतं

सप्टेंबर 2024. बजाज हाउसिंग फायनान्सचा आयपीओ आला आणि लोक अक्षरशः तुटून पडले. कंपनीला बाजारातून उभे करायचे होते 6,560 कोटी, आणि अर्ज आले 3 लाख कोटींहून जास्त रकमेचे. 70 रुपयांचा शेअर 16 सप्टेंबरला थेट 150 रुपयांवर लिस्ट झाला. त्यानंतर कित्येक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न फिरत होता, "तुला लागला का?"

वर्धा जिल्ह्यात या नावाचं वजन आणखी वेगळं. जमनालाल बजाज वर्ध्याचे. गांधीजी 1934 मध्ये वर्ध्यात आले ते त्यांच्याच आग्रहामुळे. शहरात बजाजवाडी आहे, बजाज चौक आहे. त्यामुळे "बजाजचा आहे ना, मग डोळे झाकून भर" हे वाक्य इथे सहज निघतं.

पण आयपीओमध्ये पैसे नावाला दिले जात नाहीत, एका कंपनीला दिले जातात. कधीकधी तर तिलाही नाही, तिच्या जुन्या मालकाला दिले जातात. ही कंपनी नेमकी कोणती, कधीपासून काम करतेय, पैसे कशासाठी मागतेय आणि तिचा मालक कोण, हे सगळं प्रॉस्पेक्टसमध्ये छापलेलं असतं.

अडचण एकच. हा दस्तावेज शेकडो पानांचा असतो, इंग्रजीत असतो आणि वकिली भाषेत असतो. पण सगळा वाचायची गरज नसते. आधी तीन प्रकरणं वाचली तरी चित्र बरंच स्पष्ट होतं. बजाज हाउसिंगच्याच प्रॉस्पेक्टसवर ते करून बघू.

आधी तो मिळतो कुठे?

sebi.gov.in वर Filings मध्ये Public Issues असा भाग आहे. तिथे एकाच कंपनीचे तीन दस्तावेज दिसू शकतात. पहिला मसुदा, म्हणजे डीआरएचपी. हा सेबीकडे तपासणीसाठी जातो. दुसरा आरएचपी, जो इश्यू उघडण्याच्या काही दिवस आधी येतो. तिसरा, किंमत ठरल्यानंतरचा अंतिम प्रॉस्पेक्टस.

अर्ज करणाऱ्याने वाचायचा तो आरएचपी, कारण मसुद्यातले आकडे बदलतात. बजाज हाउसिंगने जून 2024 मध्ये मसुदा दिला तेव्हा इश्यू 7,000 कोटींचा होता. सप्टेंबरमध्ये तो 6,560 कोटींचा झाला. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ मसुदा आला त्याच आठवड्यात बनलेले असतात, ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी.

पहिलं प्रकरण: कंपनीचा इतिहास

पीडीएफ उघडायची आणि "History and Certain Corporate Matters" असं शोधायचं. इथे कंपनीची जन्मकुंडली असते. स्थापना कधी झाली, आधीचं नाव काय होतं, ते का बदललं, कोणता परवाना कधी मिळाला, सगळं तारखेनिशी.

बजाज समूहाची सुरुवात 1926 ची. पण बजाज हाउसिंग फायनान्स ही कंपनी स्थापन झाली 2008 मध्ये, आणि तेव्हा तिचं नाव होतं बजाज फायनान्शियल सोल्युशन्स. आजचं नाव मिळालं 2014 मध्ये. गृहकर्ज देणारी कंपनी म्हणून नॅशनल हाउसिंग बँकेकडे नोंदणी झाली 2015 मध्ये. आणि प्रत्यक्ष कर्जवाटप सुरू झालं 2017-18 या आर्थिक वर्षात.

म्हणजे नाव जवळपास शंभर वर्षांचं, कंपनी सोळा वर्षांची आणि धंदा साधारण सात वर्षांचा.

याने काय फरक पडतो? गृहकर्ज पंधरा-वीस वर्षांचं असतं. कर्ज दिल्या दिल्या कुणी बुडवत नाही. नोकरी जाणं, धंदा बसणं, घरात आजारपण येणं हे पुढे कधीतरी घडतं आणि मग हप्ते थकतात. मार्च 2024 अखेर कंपनीच्या व्यवस्थापनाखालची कर्जं सुमारे 91,370 कोटींची होती आणि थकीत कर्जाचं प्रमाण होतं फक्त 0.27 टक्के. आकडा उत्तमच आहे. पण यातली बरीचशी कर्जं अगदी अलीकडची आहेत, हेही तितकंच खरं. वेगाने वाढणाऱ्या कंपनीत नवी कर्जं सतत येत राहतात, त्यामुळे एकूण रक्कम फुगते आणि थकबाकीची टक्केवारी कमी दिसते. आकडा चुकीचा नसतो, तो अजून पूर्ण कसाला लागलेला नसतो. इतिहासाचं पान वाचलं नसेल तर हा प्रश्न डोक्यातच येत नाही.

दुसरं प्रकरण: पैसे कशासाठी?

आता शोधायचं "Objects of the Offer". सगळ्यात आधी बघायचं ते हे की इश्यूचे दोन तुकडे आहेत का. एक असतो फ्रेश इश्यू. यात कंपनी नवे शेअर छापते आणि पैसा कंपनीच्या तिजोरीत येतो. दुसरा असतो ऑफर फॉर सेल. यात जुना भागधारक स्वतःचे शेअर विकतो आणि पैसा त्याच्या खिशात जातो. कंपनीला त्यातला एक रुपयाही मिळत नाही.

बजाज हाउसिंगच्या 6,560 कोटींपैकी फ्रेश इश्यू होता 3,560 कोटींचा. उरलेले 3,000 कोटी गेले शेअर विकणाऱ्या बजाज फायनान्सकडे.

सामान्य अर्जदाराच्या भाषेत सांगायचं तर एक लॉट होता 214 शेअर्सचा. 70 रुपयांप्रमाणे झाले 14,980 रुपये. इश्यूच्या प्रमाणात वाटणी केली तर यातले सुमारे 8,130 रुपये कंपनीकडे आणि 6,850 रुपये जुन्या मालकाकडे.

गंमत म्हणजे मसुद्यातही ऑफर फॉर सेल 3,000 कोटींचीच होती. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपात झाली ती फक्त कंपनीच्या वाट्यात, 4,000 वरून 3,560 कोटी.

ऑफर फॉर सेल आहे म्हणजे काळंबेरं आहे, असं अजिबात नाही. इथे तर कारण सरळ होतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये मोठ्या बिगर-बँक वित्त कंपन्यांची एक वरच्या थराची यादी काढली. त्यातल्या कंपन्यांना तीन वर्षांत शेअर बाजारात नोंदणी करणं बंधनकारक झालं. बजाज हाउसिंगचं नाव त्यात होतं. म्हणजे आयपीओ येण्यामागे भांडवलाची गरज होती तसा नियमही होता. फ्रेश इश्यूच्या पैशाचा उद्देश एका ओळीचा होता, पुढची कर्जं देण्यासाठी भांडवल वाढवणं. कर्ज देणाऱ्या कंपनीसाठी हा उद्देश पटण्यासारखा आहे.

पण फ्रेश इश्यू लिहिलंय म्हणजे पैसा कंपनीतच राहणार, असंही धरून चालायचं नाही. उदाहरण पुन्हा बजाज नावाचंच. एप्रिल 2019 मध्ये उत्तर प्रदेशात वीज प्रकल्प असलेल्या बजाज एनर्जीने 5,450 कोटींच्या आयपीओचा मसुदा दिला. त्यात फ्रेश इश्यू तब्बल 5,150 कोटींचा. वरवर पाहिलं तर जवळपास सगळा पैसा कंपनीला. उद्देशाचं पान उघडलं की मात्र कळायचं, त्यातले सुमारे पाच हजार कोटी ललितपूर पॉवर या कंपनीचे शेअर विकत घेण्यासाठी होते आणि ते विकणार होती बजाज पॉवर व्हेंचर्स, म्हणजे खुद्द प्रवर्तक कंपनी. पैसा एका दाराने आत येऊन दुसऱ्या दाराने प्रवर्तकाकडे जाणार होता. यात लपवलेलं काही नव्हतं, सगळं छापलेलं होतं. तो आयपीओ पुढे बाजारात आलाच नाही.

म्हणून या पानावर प्रत्येक रकमेपुढे एकच प्रश्न विचारायचा: हा पैसा शेवटी कुणाच्या खात्यात थांबणार?

तिसरं प्रकरण: मालक कोण?

शेवटचा शोध "Our Promoters and Promoter Group". प्रवर्तक म्हणजे ज्यांच्या हातात कंपनीचं नियंत्रण आहे ते. बजाज हाउसिंगच्या प्रॉस्पेक्टसमध्ये प्रवर्तक म्हणून दोन कंपन्या आहेत, बजाज फायनान्स आणि बजाज फिनसर्व्ह. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय पुण्यात आकुर्डीला.

बजाज एनर्जीचे प्रवर्तक वेगळे. तो समूह कुशाग्र बजाज यांचा. पुण्याच्या कंपन्यांचं नेतृत्व संजीव बजाज यांच्याकडे. दोघेही जमनालालजींचे पणतू, पण दोन्ही शाखांची 2008 मध्येच वाटणी झालेली. एकाचं यश किंवा कर्ज दुसऱ्याच्या हिशेबात येत नाही. आणि 2016 मध्ये एसएमई बाजारात आलेल्या बजाज हेल्थकेअरचा तर या दोन्ही समूहांशी संबंध नाही. आडनाव तेच, मालक तीन. कुणावर विश्वास ठेवायचा ते आधी इथे वाचून ठरवायचं.

याच पानांच्या आगेमागे आणखी एक आकडा मिळतो, इश्यूनंतर प्रवर्तकांकडे किती हिस्सा उरणार. बजाज हाउसिंगमध्ये तो होता 88.75 टक्के. नियम असा की लिस्टेड कंपनीत किमान 25 टक्के हिस्सा जनतेकडे असायला हवा. मोठ्या कंपन्यांना त्यासाठी काही वर्षांची मुदत मिळते, एवढंच. म्हणजे प्रवर्तकांचा हिस्सा कधी ना कधी 75 टक्क्यांवर यायला हवा, आणि त्यासाठी मोठ्या प्रमाणात शेअर बाजारात येणार, हे पहिल्या दिवशीच कळत होतं.

झालंही तसंच. 18 सप्टेंबर 2024 ला शेअरने 188.50 चा उच्चांक गाठला. डिसेंबर 2025 मध्ये बजाज फायनान्सने 2 टक्क्यांपर्यंत हिस्सा विकायला काढला. किमान किंमत ठेवली 95 रुपये, आणि शेअर एका दिवसात जोरात आपटला. ज्यांना 70 ला मिळाला होता ते तरीही फायद्यातच होते. ज्यांनी गर्दी बघून 180 ला घेतला, त्यांचे पैसे जवळपास निम्म्यावर आले. त्यांच्यापैकी अनेकांना ही विक्री अचानक वाटली असेल. प्रॉस्पेक्टसमध्ये तिची शक्यता सव्वा वर्षापूर्वीच दिसत होती.

प्रॉस्पेक्टस काय सांगत नाही?

शेअरची किंमत योग्य आहे की महाग, हे तो सांगत नाही. सेबीही सांगत नाही. आवश्यक माहिती दिली आहे का, एवढंच सेबी बघते, आणि आपण या शेअरची शिफारस करत नाही हे त्याच दस्तावेजात स्पष्ट लिहिलेलं असतं. "सेबीने मंजूर केलाय" म्हणजे "सेबीने हमी दिलीय" असं नाही.

लिस्टिंगला भाव किती उघडेल, हेही त्यात नसतं. बजाज हाउसिंगचे 150 रुपये कुठल्याच पानावर नव्हते. धंदा सात वर्षांचा आहे, शंभरातले सेहेचाळीस रुपये जुन्या मालकाकडे जाणार आहेत आणि तो मालक पुढेही शेअर विकणार आहे, या तीन गोष्टी मात्र अर्ज भरण्याच्या आधी मोफत वाचता येत होत्या.