सहा वर्षांतले एकोणतीस महिने

रुग्णालयाला अतिदक्षता विभागासाठी, म्हणजे आयसीयूसाठी, परिचारिका हव्या असतात. अट असते तिथल्या तीन वर्षांच्या अनुभवाची. अर्जांचा गठ्ठा येतो आणि प्रत्येकीचा बायोडेटा वेगळ्या पद्धतीने लिहिलेला असतो. त्यातून सगळ्यांची एकसारखी यादी करायची, तर पहिला प्रश्न येतो वर्षे मोजायची कशी.

एक नमुना घेऊ. बायोडेटात वरच लिहिलंय, ‘सहा वर्षांचा अनुभव’. खाली तीन नोकऱ्या आहेत : जून 2018 ते मे 2020 जनरल वॉर्ड, एप्रिल 2020 ते ऑगस्ट 2022 आयसीयू, आणि फेब्रुवारी 2023 पासून ‘आजपर्यंत’ डायलिसिस. यादी एप्रिल 2025 मध्ये होतेय, पण बायोडेटावर तारीख आहे सप्टेंबर 2024 ची. तो ‘आज’ तिथेच थांबतो. पुढचे महिने फोनवर विचारल्याशिवाय धरायचे नाहीत.

आता महिने मोजू : 24, 29 आणि 20, एकूण 73. पण एप्रिल आणि मे 2020 दोन नोकऱ्यांत आलेत, ते एकदाच धरायचे. उरले 71, म्हणजे पाच वर्षे अकरा महिने. तिने लिहिलेली सहा वर्षे जवळपास खरीच आहेत. मात्र आयसीयूचे महिने फक्त 29. अटीला सात कमी पडतात. म्हणून यादीत एकूण अनुभव आणि त्या विभागातला अनुभव असे दोन रकाने लागतात, आणि दोन्ही महिन्यांत. ‘अडीच वर्षे’ लिहिलं की कुणी ती तीन धरतं, कुणी दोन.

कौशल्यांत शब्द फसवतात. संगणकावर `ICU` शोधलं की `NICU` सुद्धा सापडतं, कारण ती तीन अक्षरं त्यातही आहेत. पण ते नवजात बाळांचं अतिदक्षता कक्ष. उलट कुणी ‘क्रिटिकल केअर’ लिहिलं असेल, तर तो अर्ज शोधात निसटतो. आणखी एक पाहावं : व्हेंटिलेटर हा शब्द नुसता कौशल्यांच्या यादीत आहे, की एखाद्या नोकरीतल्या कामाच्या वर्णनातही आहे? दुसऱ्याला मी जास्त वजन देते आणि ते वाक्य जसंच्या तसं शेजारच्या रकान्यात उतरवते.

प्रमाणपत्रांत तारीख महत्त्वाची. हृदय बंद पडल्यावर करायच्या तातडीच्या उपचारांचं बीएलएस प्रशिक्षण घ्या. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षं चालतं. हिचं मार्च 2023 चं, म्हणजे मुदत संपलेली. एसीएलएसचा उल्लेखच नाही. तिथे ‘नाही’ लिहू नये, ‘नोंद नाही’ लिहावं. प्रमाणपत्र असूनही बायोडेटात घालायचं राहून गेलेल्या मुली मी पुष्कळ पाहिल्यात.

शेवटचा रकाना शंकांचा. हिच्यासमोर दोन आल्या : डायलिसिसच्या नोकरीत आयसीयूतल्या रुग्णांचं काम होतं का, आणि बीएलएस नव्याने केलंय का. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं आणि अनुभवपत्रात तसं दिसलं, तर ते सात महिने भरून निघू शकतात.