तेरा नंबरच्या पिनवरचा दिवा

आर्डुइनो उनोचा बोर्ड तळहातावर मावतो. २००५ साली इटलीतल्या इव्हरिया गावी आर्डुइनोची सुरुवात झाली, ती इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी. या बोर्डावर पहिला प्रोग्राम जवळपास सगळेच एक लिहितात, तो म्हणजे एलईडी उघडझाप करायला लावण्याचा.

बोर्डावर एक बारीक एलईडी आधीच बसवलेला असतो आणि तो १३ नंबरच्या पिनला जोडलेला असतो. त्यामुळे सुरुवातीला संगणक, यूएसबी केबल आणि बोर्ड एवढ्यावर भागतं. गंमत अशी की, नवा बोर्ड केबलला लावताच हा दिवा बरेचदा आपोआप लुकलुकू लागतो, कारण कारखान्यातच त्यात तोच प्रोग्राम भरलेला असतो. मग आपण पाठवलेला प्रोग्राम पोहोचला की नाही, हे ओळखायचं कसं? नेहमीच्या उदाहरणात दिवा एक सेकंद चालू आणि एक सेकंद बंद असतो. आपण तो ताल मुद्दाम मोडायचा.

```
void setup() {
  pinMode(13, OUTPUT);
}

void loop() {
  digitalWrite(13, HIGH);
  delay(100);
  digitalWrite(13, LOW);
  delay(900);
}
```

`setup` सुरुवातीला एकदा चालतं आणि `loop` वीज असेपर्यंत पुन्हापुन्हा. `HIGH` म्हणजे पिनवर ५ व्होल्ट, `LOW` म्हणजे शून्य. `delay` मधला आकडा मिलिसेकंदांचा आहे. दिवा क्षणभर चमकून बराच वेळ विझलेला राहिला, तर प्रोग्राम आपलाच. ताल जुनाच असेल, तर तो पोहोचलेला नाही. अशा वेळी मेनूत बोर्ड आणि पोर्ट बरोबर निवडलेत का ते पाहावं. पोर्ट यादीत दिसतच नसेल, तर आधी केबल बदलावी. मोबाइलच्या काही केबली फक्त चार्जिंगपुरत्या असतात. त्यांनी बोर्ड उजळतो, पण माहिती जात नाही.

आणखी एक चूक फसवी असते. शेवटची `delay` ओळ राहून गेली, तर दिवा विझतो आणि सेकंदाच्या अतिशय छोट्या अंशात पुन्हा लागतो. डोळ्यांना तो सतत पेटलेलाच दिसतो, आणि बिचाऱ्या बोर्डावर उगाच संशय येतो.

आता बाहेरचा एलईडी. त्याचा लांब पाय धन बाजूचा आणि आखूड पाय ऋण बाजूचा. पिन १३ पासून रेझिस्टर, तिथून लांब पाय, आणि आखूड पायापासून बोर्डावरच्या `GND` पर्यंत वायर, असा मार्ग होतो. रेझिस्टर वाचवण्याचा मोह टाळावा. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात. त्यापुढे व्होल्टेज थोडं वाढलं, तरी त्यातून जाणारा प्रवाह झपाट्याने वाढतो. पिन देते ५ व्होल्ट, म्हणजे उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरने पेलायचे. २२० ओहमचा घेतला, तर ३ भागिले २२०, म्हणजे सुमारे १४ मिलीअँपिअर प्रवाह येतो. उनोच्या एका पिनकडून २० मिलीअँपिअरपर्यंतच काम घ्यावं आणि ४० ही कधीच न ओलांडायची मर्यादा, तेव्हा हा आकडा सुरक्षित आहे. ३३० ओहमही चालेल. उजेड किंचित कमी पडेल.

एलईडी १३ नंबरलाच लावण्यात एक फायदा आहे. बोर्डावरचा दिवा आणि बाहेरचा दिवा एकाच वेळी लुकलुकायला हवेत. आतला लुकलुकतोय आणि बाहेरचा नाही, तर प्रोग्रामला हात लावू नका, दोष जोडणीत आहे. बहुतेकदा पाय उलटे लागलेले असतात. या व्होल्टेजला उलटा लावलेला एलईडी सहसा बिघडत नाही, नुसता पेटत नाही, म्हणून फिरवून पाहायला हरकत नाही. नाहीतर दोन्ही पाय ब्रेडबोर्डच्या एकाच ओळीत खोचलेले असतात. मधल्या खाचेच्या प्रत्येक बाजूला एका ओळीतली पाच भोकं आतून एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे प्रवाह एलईडीला वळसा घालून निघून जातो.

या प्रोग्रामची खरी मर्यादा बटण जोडलं की कळते. समजा, बटण दाबल्यावर ताल बदलायचाय आणि बटण वाचणारी ओळ `loop` च्या सुरुवातीला लिहिली. `delay(900)` चालू असताना बोर्ड दुसरं काहीच करत नाही. तेवढ्यात बटण दाबून सोडलं, तर त्याला पत्ताही लागत नाही. चार वेळा दाबावं तेव्हा एखाद्या वेळी लागू पडतं आणि माणूस बटणच खराब आहे म्हणून नवं आणतो.

उपाय म्हणजे थांबणं सोडून घड्याळ पाहणं. बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले, ते `millis()` सांगतं. दिवा शेवटचा कधी बदलला ती वेळ लिहून ठेवायची, `loop` च्या दर फेरीत आताच्या वेळेतून ती वजा करायची, आणि ठरलेलं अंतर भरलं तरच दिवा बदलायचा. नाही भरलं, तर फेरी लगेच पुढे जाते आणि वाटेत बटणही वाचते. अशा फेऱ्या सेकंदाला हजारो होतात, त्यामुळे बोटाचा ओझरता स्पर्शही निसटत नाही. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधल्या तयार उदाहरणांत `BlinkWithoutDelay` नावाने नेमकं हेच लिहिलेलं आहे.