राइल्स ट्यूबचं कार्ड : व्याख्यानाचा क्रम आणि हातांचा क्रम

नर्सिंगच्या वर्गात राइल्स ट्यूब घालायची प्रक्रिया साधारण ठरलेल्या क्रमाने शिकवतात. आधी व्याख्या, मग हेतू, कोणाला घालायची आणि कोणाला नाही, साहित्य, कृती, नंतरची काळजी, आणि सगळ्यात शेवटी गुंतागुंत. परीक्षेत उत्तर लिहायला हा क्रम उत्तम आहे. पण याच नोट्स बारीक अक्षरात कार्डावर उतरवल्या की त्याचं चेकलिस्ट कार्ड होत नाही, नोट्सच लहान होतात.

कारण बघा. ‘नळी श्वासमार्गात जाऊ शकते’ हे वाक्य गुंतागुंतीत, म्हणजे ‘फीड द्यावे’ या वाक्यानंतर बऱ्याच वेळाने येतं. वॉर्डात ते फीडच्या आधी कळायला हवं. म्हणून कार्ड करताना व्याख्यानातल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे कोणत्या कृतीच्या आधी माहीत असायला हवं? ज्याचं उत्तर मिळत नाही ते वाक्य वहीतच राहू द्यावं.

एक नेहमीचं वाक्य घेऊ. ‘रुग्णास बसते करून, माप घेतलेल्या नळीस जेली लावून ती नाकपुडीतून घालावी व जठरात असल्याची खात्री करावी.’ यात चार कृती आहेत आणि एक तपासणी. पण तपासणी कशी करायची, आणि खात्री पटली नाही तर काय, हे त्यात नाही. कार्डावर नेमकं तेच लागतं.

आता हात कुठे मोकळे असतात ते पाहू. नळी आत सरकत असताना एक हात नळीवर असतो, नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर असते आणि ‘घोट गिळा’ असं सांगणं चालू असतं. त्या वेळी कार्ड कोणी वाचत नाही. तो भाग सरावानेच यायला हवा. कार्ड वाचलं जातं दोन थांब्यांवर: नळी घालण्याआधी आणि फीड देण्याआधी. त्यामुळे कार्डाचे भागही दोनच.

पहिला थांबा असा:

रुग्णाची ओळख पटवली, सांगून संमती घेतली.
डोक्याची बाजू उंच केली.
नाकाचं टोक, कानाची पाळी, छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक, असं माप घेतलं. ____ सेंमी.
सतत खोकला, धाप किंवा ओठ निळे दिसले तर थांबायचं, नळी बाहेर घ्यायची.

शेवटची ओळ मुद्दाम इथे आहे. प्रसंग आल्यावर ती वाचायला वेळ नसतो. मापाची जागाही रिकामी ठेवली आहे, कारण नळी सरकली का हे पुढच्या प्रत्येक फीडआधी त्या आकड्यावरूनच पाहता येतं.

दुसरा थांबा:

नाकपुडीजवळची खूण मापाएवढीच आहे.
सिरिंजने स्राव ओढला, पीएच पट्टीवर पाहिला. आकडा ____.
५.५ किंवा कमी: फीड देता येईल.
५.५ पेक्षा जास्त, किंवा स्राव आलाच नाही: फीड नाही. डाव्या कुशीवर वळवून थोड्या वेळाने पुन्हा पाहा, तरी जमलं नाही तर डॉक्टरांना कळवा, एक्स-रे.

व्याख्यानांत अजूनही सिरिंजने हवा सोडून स्टेथोस्कोपने आवाज ऐकायची पद्धत सांगितली जाते. ती कार्डावर घेऊ नये. नळी फुप्फुसात असली तरी तसाच आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २००५ पासून या पद्धतीवर विसंबू नका अशी स्पष्ट सूचना आहे. ‘खोकला आला नाही’ ही ओळही तपासणी म्हणून चालत नाही, कारण बेशुद्ध रुग्णाला नळी श्वासनलिकेत गेली तरी खोकला येईलच असं नाही. पीएचलाही मर्यादा आहे. आम्लता कमी करणारी औषधं चालू असतील तर नळी जठरात असूनही आकडा वर जातो. पण कार्डावरचा निर्णय त्याने बदलत नाही: फीड थांबतं आणि एक्स-रेकडे जावं लागतं.

‘नाही’चा रस्ता नसलेली ओळ हा अशा कार्डांमधला सगळ्यात मोठा दोष, असं माझं मत आहे. समोर फक्त टिकची चौकट असली की हात टिक करूनच मोकळा होतो.

यावर संशोधन करायचं असेल तर कार्डाची चाचणी तुम्ही स्वतः देऊ नका. कार्ड करण्यात सहभाग नसलेल्या विद्यार्थिनीला मॅनिकिनवर ते वापरू द्या आणि ती कुठे अडली, कुठे मागे वळली हे तिसऱ्या व्यक्तीने टिपावं. इथे एक सापळा आहे. परीक्षकाची गुणयादी बहुधा ‘केलं’ की ‘नाही केलं’ एवढंच मोजते. एखादीने आधी फीड दिलं आणि मग पीएच पाहिला, तर त्या यादीत तिला पूर्ण गुण मिळतील. म्हणून निरीक्षकाच्या कागदावर टिकऐवजी आकडा लिहून घ्या: ही पायरी कितव्या क्रमांकावर झाली. मग विश्लेषणात एकूण गुण वेगळे आणि ‘पीएच फीडच्या आधी पाहिला का’ हे वेगळं मांडता येतं.