बरोबरीच्या आकड्यांची क्रम-बेरीज चाचणी : छायाचित्रातील तक्त्यापासून निष्कर्षापर्यंत

कीडनाशकाच्या चाचणीची आकडेवारी आता अनेकदा नोंदवहीच्या पानाच्या छायाचित्रातून संशोधन केंद्राकडे पोहोचते. दोन द्रावणे, प्रत्येकाचे सहा-आठ आकडे आणि त्यांतले काही एकसारखे, असे त्या तक्त्याचे स्वरूप असते. इतक्या थोड्या आकड्यांवरून ते सामान्य वितरणाला धरून आहेत की नाहीत हे खात्रीने सांगता येत नाही; एखादा टोकाचा आकडा सरासरीला ओढूनही नेतो. अशा वेळी आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांची तुलना करणारी क्रम-बेरीज चाचणी उपयोगी पडते.

या चाचणीचा उगमच कीडनाशकांच्या अभ्यासाशी जोडलेला आहे. फ्रँक विल्कॉक्सन हे रसायनशास्त्रज्ञ होते व कीडनाशके आणि बुरशीनाशके यांवर त्यांनी काम केले होते. १९४५ मध्ये ‘बायोमेट्रिक्स बुलेटिन’ या नियतकालिकातील छोट्या लेखात त्यांनी ही पद्धत मांडली. दोन गटांतील आकड्यांची संख्या वेगळी असली तरी ती कशी वापरावी, हे १९४७ मध्ये मान आणि व्हिटनी यांनी दाखवले. विल्कॉक्सन यांनी घेतलेले उदाहरण माश्यांवरील दोन फवारणी द्रावणांचे होते. त्यातील माश्यांच्या मृत्यूचे शेकडा प्रमाण आणि त्याचे क्रम पुढे दिले आहेत.

| द्रावण अ | क्रम | द्रावण ब | क्रम |
|---|---|---|---|
| ६८ | १२.५ | ६० | ४ |
| ६८ | १२.५ | ६७ | १० |
| ५९ | ३ | ६१ | ५ |
| ७२ | १५ | ६२ | ६ |
| ६४ | ८ | ६७ | १० |
| ६७ | १० | ६३ | ७ |
| ७० | १४ | ५६ | १ |
| ७४ | १६ | ५८ | २ |
| ५४२ | ९१ | ४९४ | ४५ |

प्रथम तक्त्याची पडताळणी

छायाचित्रातून आकडे उतरवताना ५ आणि ६, १ आणि ९, ३ आणि ८ यांची गल्लत सहज होते. प्रत्येक चुकीचा परिणाम सारखा नसतो. वरील तक्त्यातील ७४ हा आकडा चुकून ७९ वाचला गेला, तरी तो सर्वांत मोठाच राहतो आणि क्रम बदलत नाहीत. मात्र ५९ ऐवजी ६९ वाचले, तर तो आकडा तिसऱ्या क्रमावरून तेराव्या क्रमावर जातो आणि ‘ब’ची क्रम-बेरीज ४५ वरून ३९ वर येते. फरक होता त्याहून कितीतरी ठळक भासू लागतो.

ही चूक क्रमांच्या बेरजेवरून कळत नाही; ती कळते मूळ आकड्यांच्या बेरजेवरून. ५९ चे ६९ झाले, की ‘अ’ची बेरीज ५४२ ऐवजी ५५२ येते. म्हणून नोंदवहीत प्रत्येक स्तंभाखाली बेरीज लिहूनच छायाचित्र काढावे आणि आकडे उतरवल्यावर ती पुन्हा जुळवून पाहावी.

बरोबरी आल्यास क्रम कसा द्यावा

दोन्ही गटांतील सोळा आकडे एकत्र करून चढत्या क्रमाने मांडावेत. कोणता आकडा कोणत्या द्रावणाचा, ही खूण मात्र जपावी. ५६ ला पहिला, ५८ ला दुसरा असे जात ६४ ला आठवा क्रम मिळतो. पुढे ६७ हा आकडा तीनदा येतो. त्याने ९, १०, ११ ही स्थाने व्यापली, म्हणून तिन्हींना त्यांची सरासरी, म्हणजे १० हा क्रम द्यावा. ६८ दोनदा आहे. त्याची स्थाने १२ आणि १३, म्हणून दोघांना १२.५. त्यानंतर ७० ला चौदावा क्रम मिळतो.

येथे दोन चुका नेहमी दिसतात. पहिली म्हणजे, तिन्ही ६७ ना १० दिल्यावर पुढच्या आकड्याला ११ देणे. ही चूक लगेच उघड होते, कारण १ ते १६ या क्रमांची बेरीज १३६ असते आणि ९१ व ४५ मिळून तेवढीच व्हायला हवी. दुसरी चूक अधिक फसवी आहे : सारख्या आकड्यांना ते लिहिलेल्या ओळीने ९, १०, ११ असे क्रम देणे. तेव्हा बेरीज १३६ च राहते. परंतु ‘अ’मधील ६७ ला आधी धरले तर ‘ब’ची बेरीज ४६ होते आणि शेवटी धरले तर ४४. निष्कर्ष लिहिण्याच्या ओळीवर अवलंबून राहू नये, यासाठीच सरासरी क्रम द्यावयाचा. दोन्ही ६८ मात्र ‘अ’मध्येच आहेत, त्यामुळे त्यांच्या बरोबरीने बेरजेत फरक पडत नाही.

४५ या बेरजेचा अर्थ

द्रावणांत काहीच फरक नसता, तर प्रत्येक गटाची क्रम-बेरीज ६८ च्या आसपास आली असती. सोळा क्रमांच्या चिठ्ठ्यांतून डोळे मिटून आठ निवडण्याचे एकूण १२,८७० प्रकार आहेत. त्यांपैकी केवळ ८७ प्रकारांत बेरीज ४५ किंवा त्याहून कमी येते आणि तितक्याच प्रकारांत ९१ किंवा त्याहून अधिक. दोन्ही टोके मिळून १७४, म्हणजे सुमारे १.३५ टक्के. इतका फरक निव्वळ योगायोगाने क्वचितच पडेल. छापील कोष्टकात आठ-आठ आकड्यांसाठी पाच टक्के पातळीची मर्यादा ४९ आहे. लहान बेरीज त्याएवढी किंवा त्याहून कमी असल्यास फरक लक्षणीय मानतात.

छापील कोष्टक बरोबरी नाही असे धरून बनवलेले असते. एक-दोन बरोबऱ्या असल्यास ते चालते. पिकाच्या नुकसानीची ० ते ५ अशी श्रेणी दिली असेल, तर मात्र बहुतेक आकडे बरोबरीत येतात. तेव्हा कोष्टक न वापरता वरीलप्रमाणे नेमकी मोजणी संगणकाकडून करून घ्यावी. आर या प्रणालीत पुढील आज्ञा बरोबरीची दुरुस्ती करून अंदाजे उत्तर देतात :

```
a <- c(68,68,59,72,64,67,70,74)
b <- c(60,67,61,62,67,63,56,58)
wilcox.test(a, b, exact = FALSE)
```

उत्तरात W = 55 दिसते. ‘अ’च्या ९१ या बेरजेतून आठ आकड्यांची किमान शक्य बेरीज ३६ वजा केली, की ५५ उरतात. संभाव्यता सुमारे ०.०१८ येते. नेमक्या मोजणीपेक्षा ती थोडी अधिक आहे, परंतु निष्कर्ष तोच राहतो.

चाचणी कोठे लागू पडत नाही

प्रत्येकी तीनच पुनरावृत्ती असतील, तर क्रम मांडण्याचे एकूण प्रकार २० होतात. एका द्रावणाचे तिन्ही आकडे दुसऱ्याच्या तिन्हींपेक्षा मोठे असले, तरी संभाव्यता १० टक्क्यांखाली जात नाही. अशा प्रयोगातून पाच टक्के पातळीवर लक्षणीय फरक कधीच सिद्ध होणार नाही. चार-चार पुनरावृत्तींत तो होऊ शकतो, पण दोन्ही गट पूर्णपणे वेगळे पडले तरच.

दुसरी अट स्वतंत्रतेची. एकाच वाफ्यातील आठ झाडे म्हणजे आठ पुनरावृत्ती नव्हेत. त्यांची सरासरी हा एकच आकडा धरावा. तसेच दोन्ही द्रावणे प्रत्येक गटवाफ्यात शेजारीशेजारी फवारली असतील, तर आकडे जोडीचे ठरतात. त्यांच्यासाठी विल्कॉक्सन यांनी त्याच लेखात दिलेली जोडीतील फरकांची चिन्हांकित क्रम चाचणी वापरावी.

अहवालात केवळ ‘लक्षणीय’ हा शब्द पुरेसा नाही. प्रस्तुत उदाहरण असे लिहिता येईल : ‘अ द्रावणाने मृत्यूचे मध्यक प्रमाण ६८ टक्के, ब द्रावणाने ६१.५ टक्के, प्रत्येकी आठ चाचण्या, लहान क्रम-बेरीज ४५, बरोबरी धरून नेमकी द्विबाजू संभाव्यता ०.०१३५.’ साडेसहा टक्क्यांचा हा फरक जादा खर्चाला पुरेसा आहे की नाही, हे मात्र चाचणी सांगत नाही. ते द्रावणांच्या दरांवरून ठरवावे लागते.