मधल्या बाईचं काम

येडशीच्या चौकात सोलापूर-धुळे रस्ता आणि बार्शी-लातूर रस्ता एकमेकांना छेद देतात. त्यामुळे बाहेरचे व्यापारी इथवर सहज येतात, आणि आपल्याकडची उस्मानाबादी शेळी बघायला तर हमखास येतात. काळीभोर, काटक, बहुतेकदा जुळी करडं देणारी ही शेळी पाळतात बायका. सौदा मात्र पूर्वीपासून पुरुष करत आले. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा आणि मध्ये दलाल असायचा. आता बचत गटांच्या बायका स्वतः बोलणीला बसू लागल्यात, पण समोरचा हैदराबादचा किंवा मुंबईचा असला तर हिंदी-इंग्रजीशी अडतं. अशा वेळी मध्ये बसून इकडचं तिकडे सांगणारी, म्हणजे दुभाषी, लागते. गेली काही वर्षं मी हे काम करते. बऱ्याच मैत्रिणी विचारतात, म्हणून एका बैठकीच्या आधाराने सांगते.

बैठक होती एका गटाची आणि हैदराबादच्या व्यापाऱ्याची. व्यापारी हिंदीत बोलणार, त्याचा हिशेबनीस मधूनच इंग्रजीत. चार दिवस आधी मी दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला : काय काय ठरवायचं आहे? व्यापाऱ्याने फोनवर सांगितलेल्या मुद्द्यांवरून मी वहीच्या एका पानावर तीन रकाने पाडले, मराठी, हिंदी, इंग्रजी. खच्ची बोकड, दोन दाती, गाभण, जिवंत वजन, आंत्रविषाराची लस, पीपीआरची लस. "दोन दाती" म्हणजे दुधाचे पुढचे दोन दात पडून पक्के आलेला, साधारण सव्वा-दीड वर्षाचा. हे मला माहीत होतं असं नाही, गटातल्या एका मावशींनी बोकडाचं तोंड उघडून दाखवलं. तयारी म्हणजे नुसते शब्द पाठ करणं नव्हे. वस्तू डोळ्यांनी बघितली की बोलणाऱ्याचं अर्धं वाक्य आधीच कळतं.

गटाच्या बायकांना एक गोष्ट मी बजावूनच सांगते. बैठकीत मोठ्याने जे बोलाल ते सगळं मी पलीकडे सांगणार. "पावणेचारशेलासुद्धा देऊन टाकू गं" असं आपसात बोलायचं असेल तर उठून बाहेर जा. मी हे ऐकलं आणि गिळलं तर व्यापाऱ्याचा विश्वास जातो, सांगितलं तर तुमचा भाव जातो.

आता बोलण्याची रीत. दुभाषी "ते म्हणतात की" असं लावत नाही. बोलणारा "मी" म्हणाला तर तीही "मी" म्हणते. इंग्रजीत हे सोपं, आपल्याकडे क्रियापद आडवं येतं. पुरुष व्यापाऱ्याचं बोलणं सांगताना "मी आलो" म्हणायचं की "मी आले"? पहिल्यांदा "मी आलो" म्हटलं की बायका पदर तोंडाला लावून हसतात. त्यावर माझा उपाय असा, की शक्य तिथे "मला हवेत", "मी घेईन" अशी रूपं वापरायची. मराठीत त्यांना लिंग नाही. हिंदीत मात्र "लूंगा-लूंगी" सुटत नाही, तिथे सरळ बोलणाऱ्याचं रूप घ्यायचं. आणि स्वतःला काही विचारायचं असेल तेव्हा म्हणायचं, "दुभाषीला एक विचारायचंय." म्हणजे प्रश्न कुणाचा यात घोळ होत नाही.

खरी कसोटी वहीची. माणूस दोन-तीन मिनिटं सलग बोलतो आणि मग तुमच्याकडे बघतो. सगळं लिहू गेलात तर ऐकायचं राहतं. जिनिव्हाच्या झां-फ्रांस्वा रोझां यांनी १९५६ मध्ये या टिपणांवर एक छोटं पुस्तक लिहिलं, ते आजही शिकवतात. त्यांचं म्हणणं असं की शब्द नको, आशय लिहा. "पण", "म्हणून", "जर" हे जोड कधीही सोडू नका. आणि ओळीत न लिहिता पानावर खाली खाली उतरत जा. त्या दिवशी व्यापाऱ्याच्या पहिल्या बोलण्याचं माझं पान असं होतं :

४० / म
    २ दाती, २५+
जर लस
पैसे ½ भरताना
    ½ ७ दि
    वजन वहीं ??

महिन्याला चाळीस बोकड, दोन दाती, पंचवीस किलोच्या वर, लस झालेली असेल तरच. निम्मे पैसे गाडी भरताना, उरलेले सात दिवसांत. आकडे मात्र ऐकल्या क्षणी लिहायचे, ते डोक्यात टिकत नाहीत. "नाही" हा शब्द मी फुलीने लिहिते, मोठ्या फुलीने. एक मुद्दा संपला की आडवी रेघ.

शेवटच्या ओळीतली दोन प्रश्नचिन्हं बघा. तो म्हणाला होता, "वज़न वहीं पे होगा." वहीं म्हणजे कुठे? गाडी भरते तिथे, की गाडी उतरते तिथे? वाक्य सांगून पुढे जाता आलं असतं. पण जनावर प्रवासात घटतं. पोट रिकामं होतं, पाणी कमी पडतं. पंचवीस किलोच्या बोकडामागे दोन किलो गेले, तर चाळीस बोकडांमागे ऐंशी किलो. भाव समजा ४०० रुपये किलो धरला, तर एका गाडीमागे ३२,००० रुपयांचा फरक. मी विचारलं, "दुभाषीला विचारायचंय, वजन येडशीत की हैदराबादला?" उत्तर आलं, हैदराबादला. मग बायकांनी स्वतःच बोलणी केली, दोन्ही ठिकाणी वजन आणि घट एक किलोपर्यंत गटाची, त्यापुढची व्यापाऱ्याची. ते माझं काम नव्हतं. माझं काम होतं तो शब्द संदिग्ध आहे हे दोघांपुढे ठेवणं.

यावरूनच पैशाकडे येते. दलाल सौद्यावर टक्के घेतो, दुभाषीने कधीच घेऊ नयेत. टक्का घेतला की सौदा व्हावा ही आपली गरज होते, आणि मग असली "वहीं" नजरेआड होते. दुभाषीचं बिल वेळेवर असतं. चार तासांपर्यंत अर्धा दिवस, आठपर्यंत पूर्ण. अर्ध्या दिवसाचा दर पूर्णाच्या निम्म्याहून जास्तच ठेवायचा, कारण तयारी तेवढीच लागते आणि तिचे वेगळे पैसे कुणी देत नाही. समजा पूर्ण दिवस ४,०००, अर्धा २,५००, वरच्या तासाला ६००. मला दहाला बोलावलं, गाडी साडेअकराला आली, बैठक साडेतीनला संपली. तास मोजायचे दहापासून, म्हणजे साडेपाच. अर्ध्या दिवसाचे २,५०० आणि दीड तासाचे ९००, एकूण ३,४००. प्रवासखर्च वेगळा. जेवण त्यांच्याकडे असलं तरी तो वेळ मोजायचा, कारण सगळ्यात जास्त बोलणं जेवतानाच होतं आणि दुभाषीचं ताट गार होतं.

हे सगळं बैठकीआधी एका कागदावर किंवा मोबाइलच्या निरोपात लिहून घ्यावं : दर, वेळ, पैसे कोण देणार, आणि बैठक रद्द झाली तर काय. मी लिहिते, आदल्या दिवशी रद्द झाली तर निम्मे, त्याच दिवशी झाली तर पूर्ण. पैसे एका बाजूने दिले तरी दुसऱ्या बाजूला ते माहीत असावं, म्हणून मी सुरुवातीलाच सांगून टाकते. एका कंपनीकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर फी झाली तर ती बहुधा दहा टक्के कर कापून देते; विवरणपत्र भरलं की जादा कापलेलं परत मिळतं, त्यासाठी पॅन कार्ड नीट असावं.

बैठक उठल्यावर टिपणांची पानं मी दोघांसमोर फाडते. भावाचे आकडे वहीत राहू द्यायचे नाहीत. शब्दांचं तीन रकान्यांचं पान तेवढं ठेवते, पुढच्या व्यापाऱ्याला उपयोगी पडतं.