पाण्याची वही आणि मातीचा गल्ला

एप्रिलातला टोमॅटो, फळे लगडलेली. ठिबक किती वेळ चालवायचे? बहुतेक शेतकरी सवयीने सांगतात, "दोन तास." हा आकडा शेतातच मोजता येतो.

उन्हावाऱ्याने मातीतून थेट उडणारे पाणी आणि पानांवाटे पिकाने सोडलेली वाफ यांची बेरीज म्हणजे बाष्पोत्सर्जन. तेवढेच पाणी परत द्यायचे असते. ते ताडण्यासाठी हवामान केंद्रात सुमारे १२० सेंटिमीटर रुंद, २५ सेंटिमीटर खोल असे उघडे पात्र ठेवतात आणि रोज सकाळी त्यातले पाणी किती उतरले ते पाहतात.

समजा, पाणी ८ मिलिमीटर उतरले. उघडे पाणी पिकापेक्षा जास्त उडते, म्हणून ८ ला साधारण ०.७ ने गुणायचे : ५.६. आता पिकाचा गुणांक. टोमॅटोचे रोप लहान असताना तो ०.६ च्या आसपास असतो. झाड पूर्ण वाढून फळांवर आले की १.१५. म्हणजे आजची गरज सुमारे ६.४ मिलिमीटर. एक मिलिमीटर म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला एक लिटर. लॅटरलमध्ये दीड मीटर आणि ड्रीपरमध्ये ४० सेंटिमीटर अंतर असेल, तर एका ड्रीपरच्या वाट्याला ०.६ चौरस मीटर जमीन येते. तिला ३.९ लिटर पाणी हवे. संचाची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर ४.३ लिटर सोडावे लागेल. ताशी ४ लिटरच्या ड्रीपरला त्यासाठी सुमारे ६५ मिनिटे लागतात.

ही झाली वही. पण दुकानदार रात्री गल्लाही मोजतो. आपला गल्ला मातीत असतो आणि तो मोजायला टेन्शिओमीटर. त्याचे चिनी मातीचे टोक मुळांपाशी, ३० सेंटिमीटरवर बसवतात. माती पाणी किती जोराने धरून आहे, हे त्याचा काटा सेंटीबारमध्ये सांगतो. दहाखाली काटा म्हणजे चिंब माती, मुळांना हवा नाही. मध्यम जमिनीत १५ ते ३० म्हणजे वाफसा.

आता गंमत पाहा. रोज ६५ मिनिटे देऊनही तीन दिवस सकाळी काटा आठ-नऊवरच राहिला. वही चुकली कुठे? बेडवर मल्चिंग पेपर होता, मातीतून उडणारे पाणी त्याने अडवले होते. अशा वेळी गुणांक १० ते ३० टक्क्यांनी कमी धरतात. वेळ ५५ मिनिटांवर आणून पुन्हा काटा पाहायचा. उलट काटा रोज थोडा चढत गेला, तर पाणी कमी पडते आहे किंवा ड्रीपर तुंबले आहेत. एका ड्रीपरखाली भांडे ठेवून तासाचे पाणी मोजले की कळते.

गल्लाही कधी फसवतो. काळी माती भेगाळली की टोकाचा मातीशी संपर्क तुटतो, नळीत हवा शिरते आणि काटा शून्याकडे येतो. माती कोरडी असताना यंत्र "ओली" म्हणते. म्हणून काटा अचानक खाली आला, तर आधी नळीतले पाणी पाहा आणि मूठभर माती हातात घेऊन दाबा. गोळा होत नसेल, तर काट्यावर विश्वास ठेवू नका.