जुना माणूस आजारी पडला, तर पगार किती द्यायचा?

15 वर्षं जुना कामगार महिनाभर आजारी पडला तर? सरकारी नोकरीतला हिशोब बघा. तिथे दर वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. एकही वापरली नाही, तर 15 वर्षांत 300 दिवस.

समजा, मूळ पगार 20,000 रुपये. 30 दिवस अर्धवेतनी रजा घेतली, तर हातात 10,000 आणि तेवढ्यावरचाच महागाई भत्ता. खात्यातून 30 दिवस जातात. डॉक्टरांचा दाखला देऊन तीच रजा परिवर्तित केली, तर पगार पूर्ण, पण खात्यातून 60 दिवस वजा.

गडबड इथेच होते: पगार पूर्ण दिला जातो, वजावट मात्र 30 दिवसांचीच होते. आपल्या दुकानात हा नियम ठेवलात, तर रजेच्या वहीत दाखला आणि दुप्पट वजावट एकाच ओळीत लिहा.